थांब जरा

आमच्या जिल्ह्यात धामणगाव नावाची गावे एकापेक्षा जास्त आहेत. अचलपूरकडे धामणगाव गढी आहे, म्हणून आमच्या गावाला 'धामणगाव रेल्वे' म्हणतात. मुंबई-नागपूर लोहमार्गावर बडनेरा सोडले आणि पुलगाव यायचे असले की मधे आम्ही लागतो. गावाच्या नावातच रेल्वे आहे म्हटल्यावर तिचा त्रासही आमच्याच वाट्याला येतो. आमची उर्दू माध्यमाची शाळा रुळांपासून फार दूर नाही. मालगाडी जाऊ लागली की गणिताचे सर फळ्यावर लिहीत राहतात, इतिहासाचे सर गप्प होतात आणि आम्ही, म्हणजे मराठी शिकवणारे, आवाज चढवतो. ही सवय चुकीची होती, हे आम्हाला एका मुलाने शिकवले. त्याच्याबद्दलच लिहायचे आहे. त्याचे नाव लिहीत नाही. आता तो मोठा झाला आहे, गावात सगळे त्याला ओळखतात.

आधी आमची चूक सांगतो. 2017 सालची गोष्ट. मुलगा सातवीत होता. आम्ही सुलभभारतीतला धडा एकेकाकडून मोठ्याने वाचून घेत होतो. त्याची पाळी आली. एका वाक्यात 'डोळे' आणि 'काळे' हे दोन शब्द पाठोपाठ होते. त्याने 'डोये' वाचले, मग स्वतःच थबकला, 'डोले' म्हणाला, आणि 'काळे'पाशी पूर्ण अडकला. वर्ग हसला. आम्हीही हसलो. वाईट हेतूने नव्हे, पण हसलो. तो खाली बसला, आणि पुढची अडीच वर्षे त्या मुलाने आमच्या तासाला तोंड उघडले नाही. पाळी आली की उभा राहायचा, पुस्तकाकडे बघायचा, कान लाल व्हायचे. मग आम्हीच "बस" म्हणून पुढच्या मुलाकडे वळायचो. त्यात दयेपेक्षा आळसच जास्त होता. चाळीस मुलांच्या वर्गात न बोलणारा मुलगा शिक्षकाला सोयीचा असतो.

त्याच्या अडखळण्यात खरे तर अक्कल होती, हे फार उशिरा आमच्या लक्षात आले. आमच्या वऱ्हाडात गावची माणसे 'डोळा'ला 'डोया' म्हणतात, 'पोळा'ला 'पोया' म्हणतात. मुलगा शेजाऱ्यापाजाऱ्यांत तेच ऐकतो. घरी उर्दू. उर्दूत 'ळ' हा उच्चारच नाही, त्यामुळे घरात कुणी 'ळ' म्हणायला गेले की 'ल' बाहेर पडतो. आणि पुस्तकात छापलेला असतो तिसराच. म्हणजे एका अक्षरासाठी मुलापुढे तीन दारे, गल्लीचे, घराचे आणि शाळेचे. तो तिन्ही दारांवर थाप देत होता आणि आम्ही त्याला हसत होतो. 'ण'चेही तसेच. उर्दूत एकच नून. वऱ्हाडीतही 'पानी', 'कोन' असेच चालते. पुस्तक मात्र 'पाणी' आणि 'कोण' मागते.

2019-20 हे वर्ष उजाडले. आदल्या वर्षी भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे 20 गुण बंद केले होते, दहावीचा निकाल बराच खाली आला, आणि ते गुण या वर्षी परत आले. मुलगा नववीत होता. न बोलणाऱ्या मुलाला तोंडी परीक्षेत काय द्यायचे, हा प्रश्न आमच्यापुढे आला. एके दिवशी त्याचे वडील भेटले. बाजाराच्या रस्त्याला त्यांचे गादीघर आहे. घराण्यात पिंजाऱ्याचे काम. ते म्हणाले, "सर, ये पढता तो है, पर बोलता नै. दसवीं में फेल होनेसे अच्छा दुकान पे बैठा देता हूं." बोलण्यात राग नव्हता. हिशोब होता. एक माणूस कापूस यंत्रात घालतो, दुसरा बाहेर आलेला गोळा करतो, दुसऱ्याला मजुरी द्यावी लागते. मुलगा घरचा.

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा मनाशी विचारले, हा बोलत का नाही? बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर आम्ही चांगल्या गुणांनी पास झालो होतो, पण असा प्रश्न एका मुलाच्या बाबतीत स्वतःला विचारला नव्हता. न बोलण्याची कारणे साधारण तीन असतात, आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. काही मुलांना वाचताच येत नाही. ती एकटी असली तरी अडखळतात. काही मुले तोतरी असतात. पहिले अक्षर चार वेळा येते किंवा घशात अडकते, आणि असे घरीही होते, मित्रांतही होते, सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून वाचताना मात्र बरेचदा होत नाही. आणि काही मुलांना फक्त भीती असते. ती एकटी असताना नीट वाचतात, खेळताना ओरडतात, चार डोळे आपल्याकडे लागले की मुकी होतात. आम्ही त्याच्या मित्रांना विचारले. क्रिकेटमध्ये अंपायरशी सगळ्यात मोठ्याने भांडणारा हाच, असे कळले. धाकट्या बहिणीला रोज धडा वाचून दाखवतो, हे त्याच्या अम्मीने सांगितले. म्हणजे जीभ शाबूत होती, वाचनही शाबूत होते. उरली भीती, आणि तिचा एक हिस्सा आमचा होता.

कविता सापडली ती योगायोगाने. 'माझे आजोबा' या विषयावर निबंध दिला होता. त्याच्या वहीत निबंध दीड पानाचा, नेहमीसारखा. पण वहीच्या शेवटच्या पानावर उर्दू अक्षरांत काही ओळी होत्या. वाचायला लागलो तर भाषा मराठी! मराठी कविता, उर्दू लिपीत. विचारले तर मान खाली. खूप वेळाने म्हणाला, "ऐसेच लिखा सर. मराठी में ळ आता, उसमें गडबड होती." किती साधा तोडगा त्याने काढला होता. उर्दूत लिहिले की 'ल' आणि 'ळ' दोन्ही लाममध्ये मावतात, 'न' आणि 'ण' दोन्ही नूनमध्ये. चूक होण्याची जागाच उरत नाही. ज्या अक्षरांनी त्याला हसवले, त्यांना त्याने आपल्या वहीतून काढून टाकले होते.

कविता आजोबांच्या पिंजणाची होती. नव्या मुलांनी पिंजण पाहिलेले नसते म्हणून सांगतो. माणसाच्या उंचीएवढे लाकडी धनुष्य, त्याला आतड्याची ताणलेली दोरी, तिला म्हणतात तात. पिंजारी तात कापसाला टेकवतो आणि हातातल्या लाकडाने तिला ठोकतो. तात थरथरते, आणि त्या थरथरीने दबून गठ्ठा झालेला कापूस उडतो, तंतू तंतू सुटा होतो. वर्षानुवर्षे अंगाखाली दबलेली गादी कडक होते ती कापूस खराब झाल्यामुळे नव्हे. तंतूंच्या मधली हवा निघून जाते. पिंजल्यावर हवा परत आत शिरते आणि तीच गादी फुगते. मुलाचे आजोबा खांद्यावर पिंजण घेऊन गल्लोगल्ली हिंडायचे. हाक मारायचे नाहीत, फक्त तात वाजवायचे. पुढे यंत्र आले, पिंजण भिंतीला टांगले गेले. कवितेतल्या या चार ओळी त्याच्या परवानगीने देतो:

गल्लीमध्ये तात वाजे, आजी हाक मारी,
बाहेर काढा गाद्या रे, आला आमचा म्हातारा.
दबलेला कापूस म्हणे, वेळ माझी संपली,
तात म्हणे, थांब जरा, आहे तुझ्यात वारा.

आम्ही कवी नाही. कविता थोर आहे असा आमचा दावा नाही. पण नववीतल्या मुलाने दबलेल्या कापसाला बोलायला लावले, आणि स्वतः मात्र बोलत नव्हता, याने आमच्या काळजात काहीतरी हलले.

फेब्रुवारीत दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ असतो. आमच्याकडे त्याला अलविदाई जलसा म्हणतात. तयारी नववीची मुले करतात. हम्द, नात, दोन-तीन तकरीरी, एखादी गझल, मग रडारड आणि समोसे. त्या वर्षी पाहुणे मराठी भाषक होते, म्हणून मुख्याध्यापकांनी सांगितले की एक तरी आयटम मराठीत हवा. आम्ही या मुलाचे नाव दिले. मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले. "वो? मास्टर, पाहुण्यांपुढे बेइज्जती नको." आम्ही म्हटले, जबाबदारी आमची. मुलाला सांगितले तर तो दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "सर, मेरे से नै होता." आम्ही एवढेच बोललो की सातवीत तू वाचत होतास तेव्हा हसायला नको होते, आमचे चुकले. शिक्षकाने मुलाची माफी मागणे आमच्या शाळेत फारसे घडत नाही. तो गोंधळला. मग म्हणाला, "देखता हूं."

हातात तीन आठवडे होते.

पहिले काम देवनागरीत उतरवण्याचे. त्यानेच उतरवायची, आम्ही फक्त शेजारी बसायचे. प्रत्येक लामपाशी त्याला थांबावे लागले. हा ल की ळ? प्रत्येक नूनपाशी, हा न की ण? उर्दूत र्‍हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे स्वतःचेच 'पिंजण' त्याने आधी 'पंजन' वाचले आणि स्वतःच हसला. हे हसणे आम्हाला फार आवडले. सोळा ओळींना दोन दिवस लागले, पण त्या दोन दिवसांत 'ळ' त्याच्यासाठी पुस्तकाचा राहिला नाही. तो त्याने स्वतः निवडून जागेवर बसवला होता.

मग उच्चार. 'ळ'साठी जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावायचे आणि पुढे झटकायचे. असे सांगून कुणालाच जमत नाही. जोड्यांनी जमते. वेल-वेळ, काल-काळ, मल-मळ. डोळे मिटून ऐकायचे आणि आम्ही कोणता म्हटला ते बोटाने दाखवायचे. आधी कान तयार व्हावा लागतो, जीभ नंतर. कानाला फरक कळायला चार दिवस लागले, जिभेला आणखी तीन. 'मन' आणि 'मण'चे लवकर झाले, कारण मण त्याच्या ओळखीचा होता. बापाच्या दुकानात जुनी गिऱ्हाइके अजून मणाचा हिशोब बोलतात. 'च' आणि 'ज'च्या मागे आम्ही लागलो नाही. मराठीत 'चांगला'चा च वेगळा आणि 'चार'चा वेगळा, पण वऱ्हाडातल्या कुणाचेही त्यावरून अडत नाही. सगळ्या चुका एकदम सुधारायला गेलो की मुलाजवळ चुकांशिवाय काही उरत नाही.

आता वाचायचे कसे हा प्रश्न. आमच्या मुशायऱ्यांत दोन रीती आहेत, तरन्नुम आणि तहत. तरन्नुम म्हणजे चालीवर, तहत म्हणजे साध्या बोलण्यात. मिलादच्या वेळी हा मुलगा चार जणांबरोबर नात म्हणतो आणि गळा बरा आहे, त्यामुळे सहकाऱ्यांचे म्हणणे पडले की गाऊ द्या, भीती वाटणार नाही. त्यात तथ्य होते. आमच्या अमरावतीचे सुरेश भट स्वतःच्या गझला गाऊन ऐकवत आणि माणसे जागची हलत नसत. पण भटांना लपायचे नव्हते. आमचा मुलगा चालीच्या मागे लपला असता. टाळ्या चालीला मिळाल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तो पुन्हा मुका झाला असता. आम्ही तहत ठरवले. सहकारी नाराज झाले.

पहिल्यांदा त्याने सोळा ओळी वाचल्या त्या चाळीस सेकंदांत. जणू मागे कुत्रे लागले होते. प्रत्येक ओळीचा शेवट पुटपुटल्यासारखा. 'म्हातारा'तला 'रा' ऐकूच येईना. आम्हाला आधी वाटले की आवाज लहान आहे, आणि आम्ही चूक केली, "मोठ्याने, मोठ्याने" म्हणत राहिलो. तो आवाज चढवायचा, गळा चिरकायचा, आणि ओळीचा शेवट तरीही गायब. नंतर लक्षात आले की आवाज कमी नव्हता, श्वास कमी होता. घाबरलेला माणूस वरच्या वर अर्धा श्वास घेतो आणि बोलू लागतो, मग शेवटच्या शब्दाला हवाच उरत नाही. कापसाचेच ते. आम्ही ओरडणे बंद केले. पेन्सिलीने कवितेत उभ्या रेघा मारल्या. एक रेघ म्हणजे थांब, दोन रेघा म्हणजे थांब आणि श्वास घे. ओळ संपली म्हणून रेघ नाही. अर्थ संपला तिथे रेघ. 'दबलेला कापूस म्हणे' पुढे एक, 'वेळ माझी संपली' पुढे दोन. 'तात म्हणे' पुढे एक, 'थांब जरा' पुढे दोन. त्याने विचारले, "थांबलो तर लोकांना वाटेल विसरला." आम्ही म्हटले, विसरलेला माणूस कागदात शोधतो, थांबलेला माणूस समोर बघतो. लोकांना तेवढा फरक कळतो. त्याचा विश्वास बसला नाही. मग आम्ही स्वतः दोन्ही करून दाखवले. त्याने मान हलवली.

आवाजाची पट्टीही खाली आणली. भीतीने तो वरच्या पट्टीत सुरू करायचा, मग चढायला जागाच राहायची नाही. सुरू करण्याआधी स्वतःशी "हं" म्हणायचे, कुणी काही सांगितले की आपण म्हणतो तसे. तो "हं" ज्या पट्टीत निघतो ती आपली स्वतःची पट्टी, तिथूनच पहिला शब्द उचलायचा. या एका युक्तीने जितका फरक पडला तितका बाकी कशाने पडला नाही.

मग श्रोते. पहिले तीन दिवस रिकामा वर्ग आणि आम्ही पाठ करून उभे, म्हणजे डोळे नाहीत. मग आम्ही तोंड वळवले. मग तिसरीची दहा मुले, जी कशालाही टाळ्या वाजवतात. मग त्याचे पाच दोस्त. इथे गाडी घसरली. एकाने जुनी खोडी काढली आणि मागून बारीक आवाजात "डोये" म्हटले. मुलाने कागद खिशात घातला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही एक पायरी मागे गेलो, पुन्हा तिसरीची मुले. ज्याने खोडी काढली होती त्याला आम्ही शिक्षा दिली नाही, काम दिले. जलशाच्या दिवशी शेवटच्या रांगेत बसायचे आणि शब्द ऐकू आला नाही तर हात वर करायचा. जो हसवणार होता तो पहारेकरी झाला. तिसऱ्या आठवड्यात त्या दोघांची जोडी जमली. पोरांचे असेच असते, आपण उगाच मोठे मोठे शब्द वापरतो.

माइकचे दोन शब्द. भाड्याच्या माइकपुढे चांगली चांगली माणसे फजीत होतात. तोंड माइकपासून एक वीत लांब आणि थोडे बाजूला ठेवावे, नाहीतर 'फ' आणि 'भ' बंदुकीसारखे फुटतात. माइक आवाजाच्या पेटीसमोर आला की शिट्टी वाजते, तेव्हा माइक हलवावा, आवाज चढवू नये. आणि कागद. हात थरथरला की कागद थरथरतो, आणि त्याची फडफड माइकमधून सगळ्या मंडपाला ऐकू जाते. मग मुलाला आपली भीती स्वतःच्या कानांनी ऐकू येते. आम्ही कविता वहीच्या पुठ्ठ्यावर डकवली. पुठ्ठा थरथरला तरी बोलत नाही.

जलसा फेब्रुवारी 2020 मधल्या एका शनिवारी झाला. शाळेच्या पटांगणात मंडप, समोर दहावीची मुले, मागे पालक. त्याचे वडील आले नव्हते, हंगाम होता. अम्मी आणि बहीण महिलांच्या बाजूला. दोन तकरीरींनंतर त्याचे नाव पुकारले. तो उठला, चालत गेला, माइकसमोर उभा राहिला. आम्ही पाहत होतो, ओठ मिटून त्याने "हं" केले.

पहिल्या दोन ओळी बऱ्या गेल्या. 'म्हातारा'वर बायकांच्या बाजूने हसू आले, ते चांगले हसू होते. तिसरी ओळ, 'वेळ माझी संपली'. 'वेळ'चा ळ लख्ख. आम्ही श्वास सोडला. मग तो म्हणाला, "तात म्हणे, थांब जरा," आणि त्याच क्षणी रुळांवरून मालगाडीचा भोंगा वाजला.

सगळा मंडप हसला. प्रसंगच तसा होता, शब्द आणि भोंगा एकाच ठेक्यात आले होते. आमच्या पोटात गोळा आला. अडीच वर्षांपूर्वीचे हसणे आम्हाला आठवले, त्यालाही आठवले असणारच. मालगाडी पन्नासावर डब्यांची, धडधड सुरू झाली. आम्हाला वाटले हा आता ओरडून वाचेल, आम्ही वर्गात ओरडतो तसा, किंवा उतरून जाईल. आम्ही अर्धे उठलोही.

त्याने दोन्ही केले नाही. तो थांबला. कागदाकडे पाहिले नाही. समोर पाहत राहिला, शेवटच्या रांगेत, जिथे त्याचा पहारेकरी बसला होता. गाडी जातच होती. दीड मिनिट असेल, कदाचित जास्त. माइकपुढे दीड मिनिट गप्प उभे राहून बघावे, म्हणजे कळते ते किती लांब असते. पाहुण्यांनी घड्याळ पाहिले. हसू विरले, कुजबुज झाली, तीही विरली. हळूहळू सगळा मंडप त्याच्यासारखाच गप्प होऊन त्याच्याकडे पाहू लागला. जो मुलगा चार डोळ्यांना घाबरत होता त्याच्यावर दोन-अडीचशे जणांचे डोळे होते, आणि तो ते डोळे अंगावर घेऊन उभा होता. शेवटचा डबा गेला, आवाज पुलगावच्या दिशेने पातळ होत गेला. तो पूर्ण संपेपर्यंतही त्याने वाट पाहिली. मग खालच्या पट्टीत, कुणाला समजावून सांगावे तसे, पुन्हा म्हणाला, "थांब जरा." दोन रेघांइतका थांबला. "आहे तुझ्यात वारा."

पुढच्या बारा ओळींत दोन चुका झाल्या. एका ठिकाणी 'ण'चा 'न' झाला, एक शब्द गळाला. शेवटच्या रांगेत हात वर झाला नाही.

त्यानंतर तो फार बोलका झाला असे सांगितले तर खोटे होईल. सोमवारी वर्गात पाळी आली तेव्हा त्याने एक परिच्छेद वाचला आणि बसला. एवढेच. कित्येक वर्षांनी आम्ही एक किस्सा वाचला. 'द लायन किंग'मधल्या मुफासाचा आवाज देणारे अमेरिकन नट जेम्स अर्ल जोन्स लहानपणी तोतरेपणामुळे वर्षानुवर्षे जवळपास मुके राहिले होते. डोनाल्ड क्राउच नावाच्या शिक्षकांनी त्यांच्याच कवितेचे निमित्त करून त्यांना वर्गापुढे ती तोंडपाठ म्हणायला लावली, आणि त्या वेळी जीभ अडखळली नाही. जोन्स 2024 साली वारले. त्यांचा रोग वेगळा होता, आमच्या मुलाचा वेगळा, पण औषधाची पुडी एकच निघाली, स्वतःचे शब्द. दुसऱ्याची कविता आम्ही त्याला दिली असती तर तो दीड मिनिट थांबला असता का? आम्हाला वाटत नाही. आजोबांना अर्ध्यावर सोडून त्याला खाली उतरता आले नाही.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा सुरू झाली, भूगोलाचा शेवटचा पेपर राहिला आणि टाळेबंदी आली. शाळा बंद. मुलगा दहावीत गेला तो घरी बसूनच. 2021 च्या फेब्रुवारीत आमच्या अमरावती जिल्ह्यात पुन्हा टाळेबंदी लागली, त्यामुळे त्याच्या तुकडीचा निरोप समारंभ झालाच नाही. त्यांची बोर्डाची परीक्षाही रद्द झाली. निकाल नववीच्या गुणांवर आणि शाळेने दिलेल्या गुणांवर लागला, त्यात तोंडी कामाचेही गुण होते. ते लिहिताना आमचा हात अडला नाही. तो पास झाला, अकरावीला गेला. वडिलांनी दुकानासाठी मजूर ठेवला.

पण सांगायचे आहे ते त्या मधल्या दिवसांचे. जून 2020 मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांना मराठी कशी शिकवायची हा पेच होता. बहुतेक घरांत एकच फोन, तोही बापाचा, संध्याकाळी घरी येणारा. चित्रफीत उतरत नव्हती, पैसे लागत. आवाजाची फीत, दोन-तीन मिनिटांची, उतरायची. आम्ही धडे वाचून पाठवू लागलो, पण मुलांच्या घरून निरोप आला की सरांचे समजत नाही, फार भरभर वाचतात. आम्हाला रागही आला आणि हसूही. मग त्याला फोन केला. त्याने सुलभभारतीचे धडे वाचून द्यायला सुरुवात केली. दुकानात बसून, दुपारी गिऱ्हाईक नसताना. ळ कुठे येतो तिथे जरासा सावकाश व्हायचा, कारण ऐकणाऱ्यांचे काय अडते ते त्याला माहीत होते.

एक फीत आमच्या फोनमध्ये अजून जपून ठेवली आहे. धडा सुरू होतो, दोन वाक्ये होतात आणि मागे पिंजायचे यंत्र चालू होते. तो म्हणतो, "थोडं थांबा हां, अब्बांचं मशीन चालू आहे." मग कितीतरी वेळ फक्त यंत्राची घरघर. ते बंद होते. मग एक बारीक "हं" ऐकू येतो आणि तो पुढचे वाक्य वाचू लागतो. ती मधली घरघर कापून पाठवा, असे एका सहकाऱ्याने सुचवले होते. आम्ही कापली नाही, तशीच मुलांना पाठवली.